अंगठा झाल्यावर एजंट म्हणतो, ‘आता माझं द्या’: भाडेकरारानंतर मागितलेली दलाली कशी निस्तरायची

मी जळगावात भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देण्याचं काम करते. लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन लोकांच्या घरी जाते, मालक आणि भाडेकरू यांचे अंगठे आणि फोटो घेते, मग करार दुय्यम निबंधकांकडे ऑनलाइन जातो. या कामात एक प्रसंग मला पुन्हा पुन्हा बघावा लागतो. शेवटच्या साक्षीदाराचा अंगठा होतो, चहा येतो, सगळे जरा सैल बसतात आणि तेवढ्यात घर दाखवणारा एजंट भाडेकरूकडे वळून म्हणतो, “चला, आता माझं काय ते करून टाका.” भाडेकरूचा चेहरा उतरतो. डिपॉझिट देऊन झालेलं असतं, टेम्पोवाल्याला ॲडव्हान्स गेलेला असतो, जुनं घर खाली करायची तारीख जवळ असते. अशा वेळी जो आकडा समोर येतो तो बहुतेक जण मुकाट्याने देतात, किंवा चिडून काहीच देत नाहीत आणि मग महिनाभर फोन चुकवत बसतात. या दोन्हींच्या मधला रस्ता आहे. तो सापडायला आधी नेमकं काय झालं ते बघावं लागतं.

एक प्रकरण पूर्ण सांगते, कारण त्यात या भानगडीचे जवळजवळ सगळे धागे आले होते.

साक्रीकडची एक मुलगी, परिचारिका, इथल्या एका खासगी दवाखान्यात नोकरीला लागली. विजेच्या खांबावर चिकटवलेला ‘घर भाड्याने मिळेल’ असा कागद बघून तिने फोन केला. फोन मालकाचा नव्हता, एजंटचा होता. तिने पहिल्याच फोनवर विचारलं होतं, “भाऊ, तुमचे चार्जेस किती?” उत्तर आलं, “आधी घर तर बघा मॅडम, बाकीचं नंतर बघू.” दोन संध्याकाळी त्याने तिला स्कूटरवर फिरवून तीन घरं दाखवली. तिसरं पसंत पडलं. भाडं ९,०००, मालकांनी डिपॉझिट ४०,००० मागितलं होतं, ते एजंटने बोलून ३०,००० वर आणलं. करार अकरा महिन्यांचा. गच्चीवरची टाकी गळत होती, ती मालक दुरुस्त करून देतील असं एजंटने तोंडी सांगितलं.

ठरल्या दिवशी मी मालकांच्या घरी गेले. मालक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणत. अंगठे झाले. आणि एजंट म्हणाला, “मॅडम, एक महिना माझा, ९,०००. आणि ॲग्रीमेंटचे ४,५००. साडेतेरा हजार द्या आणि चावी घ्या.”

तिने वडिलांना फोन लावला. वडील अहिराणीत एवढंच म्हणाले, “तेनी आधी सांगेल व्हतं का, कितला पैसा लागतीन?” मला वाटतं, पहिला प्रश्न हाच असायला हवा. आकडा आधी सांगितला होता का? नव्हता. ‘बाकीचं नंतर बघू’ या तीन शब्दांत सगळा गोंधळ साठलेला असतो. एजंटला वाटतं, दलाली लागते हे कोणाला माहीत नाही? भाडेकरूला वाटतं, काही सांगितलं नाही म्हणजे मालकच देत असतील. दोघंही आपापल्या सोयीने गप्प राहतात आणि अंगठा होईपर्यंत विषय कोणी काढत नाही.

आधी आकडा फोडून घ्या

साडेतेरा हजार ही रक्कम एक दिसत असली तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दलाली, दुसरा करार नोंदणीचा खर्च. दलालीवर घासाघीस करता येते. नोंदणीच्या खर्चावर घासाघीसच नको, कारण त्याचा हिशेब कोणालाही करता येतो.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारख्या, करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर धरलेलं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर लागतं. या मुलीचं भाडं ९,००० गुणिले ११, म्हणजे ९९,०००. डिपॉझिट ३०,००० चं अकरा महिन्यांचं व्याज २,७५०. बेरीज १,०१,७५०. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २५४ रुपये, भरताना राऊंड होऊन थोडे वर जातात. नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५००. त्यावर ऑनलाइन दस्त हाताळणीचे ३००. माझ्यासारखी माणसं घरी येऊन करतात त्याचे आणखी काही शे. सगळं मिळून हा करार सव्वादोन हजार ते तेवीसशे रुपयांत होत होता. एजंट त्याचे ४,५०० मागत होता आणि ते पैसे घेणारी मी समोरच बसले होते.

मी तिथे बोलले. बोलायला हवं होतंच. म्हटलं, “भाऊ, ॲग्रीमेंटचं माझं मी दोन्ही पार्टीकडून घेते, ते तुमच्याकडे नको.” तो थोडा वरमला, पण वाद घातला नाही. अशा वेळी भाडेकरूने शांतपणे एवढंच म्हणावं, “नोंदणीची पावती दाखवा, माझा अर्धा हिस्सा मी देते.” चलन आणि नोंदणी फीची पावती ऑनलाइन निघते, त्यामुळे ‘पावती नाही’ हे उत्तर चालत नाही. हा खर्च कोणी करायचा हे दोघं आपसांत ठरवतात, आमच्याकडे बहुतेक अर्धा-अर्धा होतो. मात्र एक लक्षात असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नोंदवला नाही तर शिक्षाही मालकालाच आहे. म्हणून ‘करार तुमच्यासाठी केला, खर्च सगळा तुमचा’ हे ऐकून घ्यायचं कारण नाही.

साडेतेरातून साडेचार बाजूला झाले की उरतो खरा प्रश्न, ९,००० चा.

एक महिना हा नियम आहे का?

नाही. भाड्याच्या घरासाठी दलाली किती घ्यावी हे महाराष्ट्रात कुठल्याही कायद्याने ठरवलेलं नाही. काही एजंट रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर दाखवून सांगतात की रेराच्या नियमाप्रमाणे एक महिना लागतो. रेराची एजंट नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतल्या फ्लॅट-प्लॉटच्या खरेदी-विक्रीसाठी आहे. भाड्याच्या दलालीचा दर रेरा ठरवत नाही. नंबर खरा असेल, त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही.

कोणी वर १८ टक्के जीएसटी लावला तर जीएसटी नंबर आणि त्या नंबरचं बिल मागा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची गरज नसते, आणि नोंदणी नसताना जीएसटीच्या नावाने पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडच्या भाड्याच्या एजंटांपैकी फार थोड्यांकडे हा नंबर असतो.

नियम नसला तरी रीत असते, आणि रीत गावागणिक बदलते. मुंबई-पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर भाडेकरूकडून एक महिना आणि मालकाकडून एक महिना हे सर्रास मागितलं जातं. माझ्यासमोर जे होतं ते वेगळं आहे. जळगाव-धुळ्यात बहुतेक वेळा एका घरामागे एक महिना अशी मनातली बेरीज असते, ती दोन्हीकडून पंधरा-पंधरा दिवसांची मिळून होते. मालक काहीच देत नसतील तर एजंट पूर्ण महिना भाडेकरूकडे मागतो. भुसावळला रेल्वेतली, आयुध निर्माणीतली, दीपनगरच्या वीज केंद्रातली बदलीची माणसं येतात, त्यांना घर लवकर हवं असतं आणि घासाघीस करायला वेळ नसतो, म्हणून तिथे आकडा चढतो. अमळनेर, चोपडा, शिरपूरकडे तर अजून कित्येकदा दुकानदार किंवा शेजारीच घर दाखवतो आणि हजार-दोन हजार ‘खुशीने’ घेतो.

त्यामुळे त्या मुलीला मी बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारायला सांगितला, आणि तो एजंटला नाही, मालकांना. “सर, तुम्ही भाऊंना किती दिलेत?” सर सरळ माणूस. म्हणाले, “मी कालच साडेचार हजार दिले.” म्हणजे मालकांकडून पंधरा दिवसांचं आलेलंच होतं, आणि भाडेकरूकडून महिना. दीड महिना मागणं काही गुन्हा नाही, पण ते ‘इथली रीत’ म्हणून सांगता येत नाही. मालक समोर असताना हा प्रश्न विचारला की आकडा आपोआप खाली येतो. मालक समोर नसताना तोच प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं, “मालक काहीच देत नाहीत हो.”

मग काहीच द्यायचं नाही का?

इथे मी भाडेकरूंच्या बाजूने आंधळेपणाने बोलणार नाही. आकडा ठरला नव्हता म्हणजे देणं शून्य, असं होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७० असं आहे की एखाद्याने तुमच्यासाठी काम केलं, ते फुकट करायचा त्याचा हेतू नव्हता आणि त्याचा फायदा तुम्ही घेतलात, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. दोन संध्याकाळ फिरवणारा, डिपॉझिट दहा हजारांनी उतरवणारा माणूस फुकट काम करत नव्हता, हे त्या मुलीलाही कळत होतं. मात्र मोबदला म्हणजे केलेल्या कामाला साजेशी रक्कम. तो ऐनवेळी तोंडाला येईल तो आकडा असेलच असं नाही. याच कायद्याच्या कलम २१९ प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. म्हणजे मालकांनी करारच केला नाही तर दलालीही नाही, आणि काम झाल्यावर मागणं हे मुळात चुकीचं नाही. चुकतं ते आकडा लपवून ठेवणं.

आपलं प्रकरण कुठे बसतं ते असं बघा. फोनवर, व्हॉट्सॲपवर एजंटने ‘एक महिना लागेल’ असं लिहिलं आणि तुम्ही ‘ओके’ किंवा नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवून घर बघायला गेलात, तर तो आकडा मान्य केल्यासारखाच आहे. आता विनंती करता येईल, हक्क सांगता येणार नाही. व्हॉट्सॲप वर सरकवून एकदा वाचा, कित्येकांना आपणच दिलेला होकार तिथे सापडतो. याउलट घर तुम्हाला मावसभावाने सांगितलं, मालकांशी तुम्हीच बोललात आणि एजंट फक्त कराराच्या दिवशी उगवला, तर तुमचं देणं नाही. तो मालकांचा पुतण्या किंवा त्यांची घरं सांभाळणारा माणूस असेल, मालकांनी त्याला बोलावलं असेल, तर त्याने मालकांकडे मागावं. ‘नो ब्रोकरेज’ लिहिलेली जाहिरात बघून गेला असाल तर त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट हेच तुमचं उत्तर.

आणि एक प्रकार असा, ज्यात मी भाडेकरूची बाजू घेत नाही. एजंटने घर दाखवल्यावर त्याला ‘पसंत नाही’ सांगून दोन दिवसांनी गुपचूप मालकांकडे जाणं. ते उघड होतंच. आपली गावं लहान आहेत. त्या एजंटचा दलालीवरचा दावा अशा वेळी पक्का असतो आणि पुढच्या वेळी तुम्हाला घर दाखवायला कोणी येत नाही.

आमच्या मुलीचं प्रकरण मधलं होतं. काम झालं होतं, आकडा ठरला नव्हता. म्हणून द्यायचं होतं, पण किती ते आता ठरवायचं होतं.

बोलणं कसं झालं

तिने तिथेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं नाही, हे फार बरं केलं. म्हणाली, “भाऊ, तुम्ही मेहनत घेतली, मी नाकारत नाही. पण आकडा मला आज पहिल्यांदा कळतोय. संध्याकाळपर्यंत सांगते.” एजंट म्हणाला, “मग चावी संध्याकाळी.” त्यावर सरांनी खिशातून चावी काढून तिच्या हातात दिली. चावी मालकांची असते. करार मालक आणि भाडेकरू यांच्यातला असतो, त्यात एजंट पक्ष नसतो, फार तर साक्षीदार असतो. दलाली बाकी आहे म्हणून चावी अडवायचा, सामान आत येऊ न द्यायचा किंवा ‘मालकाला सांगून खाली करवतो’ म्हणायचा त्याला काहीच अधिकार नाही. चावी एजंटकडेच असेल तर त्याच्याशी भांडू नका, मालकांना फोन करा आणि करारात ताब्याची तारीख कोणती लिहिली आहे ते वाचून दाखवा.

कराराची प्रत अडवून ठेवणं हाही एक प्रकार आहे. ‘पैसे द्या मग ॲग्रीमेंट देतो.’ ऑनलाइन नोंदलेल्या कराराची प्रत कोणाच्या कपाटात नसते. अंगठे झाल्यावर दस्त दुय्यम निबंधकांकडे जातो, त्यांनी मंजूर केला की नोंदणी होते आणि टोकन नंबरवरून तो efilingigr.maharashtra.gov.in वरून काढता येतो. अंगठा देताना तो टोकन नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून घ्या. करार एजंटच्या ओळखीच्या माणसाकडे असला तरी मग अडत नाही.

संध्याकाळी तिने एजंटला जो मेसेज पाठवला तो आम्ही दोघींनी बसून लिहिला होता. साधारण असा:

> भाऊ, नमस्कार. तुम्ही मला तीन घरं दाखवली आणि डिपॉझिट कमी करून दिलं, त्याबद्दल आभारी आहे. दलालीच्या आकड्याबद्दल आपलं आधी बोलणं झालेलं नव्हतं. मालकांनी पंधरा दिवसांचं भाडं दिलं आहे, तेवढंच मीही देते, म्हणजे ४,५०० रुपये. त्यातले ३,००० आज पाठवते. टाकी दुरुस्त करून देण्याचं तुम्ही सांगितलं होतं, ती झाली की उरलेले १,५०० लगेच. मान्य असेल तर ‘मान्य’ असं लिहून कळवा.

या मेसेजमधल्या गोष्टी मुद्दाम घातलेल्या आहेत. काम मान्य केलंय, त्यामुळे ‘फुकट फिरवून घेतलं’ हा आरोप उरत नाही. आकडा आधी ठरला नव्हता हे लिखित झालं. रक्कम कुठून आली ते सांगितलं, हवेतून काढली नाही. माझ्या अनुभवात ‘थोडं कमी करा ना भाऊ’ याला उत्तर ‘पाचशे कमी द्या’ असं येतं, आणि ‘मालकांइतकं देते’ याला उत्तर देणं अवघड जातं. आणि टाकीचं तोंडी आश्वासन पैशाला बांधलं. एजंटने दिलेली आश्वासनं करारात नसतात, त्यामुळे मालकांवर ती बंधनकारक नसतात. दलालीचा शेवटचा हिस्सा हीच त्यावरची एकमेव पकड असते.

एजंटचा फोन आला, मेसेज नाही. पहिल्यांदा चढ्या आवाजात. “माझं पेट्रोल जळालं, तीन घरं दाखवली.” तिने पेट्रोलवर वाद घातला नाही. म्हणाली, “भाऊ, दोन्हीकडचे मिळून तुमचा महिना पूर्ण होतोय.” हे वाक्य बरोबर जागी बसलं, कारण त्याच्याही मनातली बेरीज तीच होती. जास्त मिळालं तर बघू म्हणून त्याने दीड महिन्याला हात घातला होता. सहा हजारांवर आला, मग पाचवर. ती ४,५०० वरच राहिली. शेवटी म्हणाला, “चला, पाठवा. पण टाकीचं मी सरांना बोलतो, तुम्ही थांबवू नका.” तिने तेवढंच लिहून मागितलं. ‘मान्य’ आल्यावर ३,००० यूपीआयने पाठवले, नोंदीत लिहिलं ‘घर दलाली, पहिला हप्ता’. दहा दिवसांत टाकी झाली, त्याच दिवशी १,५०० गेले, नोंदीत ‘पूर्ण व अंतिम’. हे शब्द विसरू नका. तीन महिन्यांनी ‘तुमचे अजून बाकी आहेत’ असा फोन येतो तेव्हा तेच कामी येतात. रोख देणार असाल तर साध्या कागदावर घराचा पत्ता, रक्कम, तारीख आणि हेच शब्द लिहून सही घ्या.

जिथे प्रकरण खरोखर बिघडतं

वरच्या प्रकरणात एक गोष्ट आधीपासून नीट होती, म्हणून सगळं निभावलं. डिपॉझिटचे ३०,००० तिने थेट सरांच्या खात्यात टाकले होते. असं नेहमी होत नाही. एजंट म्हणतो, “माझ्याकडे द्या, मी मालकांना पोचवतो.” मग तो त्यातून आपले नऊ हजार कापून एकवीस हजार मालकांना देतो आणि सांगतो, “बाकीचे भाडेकरू नंतर देणार आहे.” करारात ३०,००० लिहिलेले, मालकांच्या हातात २१,०००. अकरा महिने कोणाला काही कळत नाही. घर सोडताना मालक म्हणतात, मला एवढेच मिळाले. तेव्हा एजंटचा नंबर बंद असतो.

याची खूण करारातच सापडते. मसुद्यात डिपॉझिटच्या पुढे चेक नंबर, यूपीआय किंवा बँक व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली आहे का ते बघा. ‘रोख मिळाले’ एवढंच असेल आणि पैसे एजंटच्या हातून गेले असतील, तर अंगठा देण्याआधी मालकांना सर्वांसमोर विचारा, “सर, पूर्ण तीस हजार मिळाले ना?” अंगठा झाल्यावर कळलं तर त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा की मी एजंटकडे अमुक तारखेला अमुक रक्कम तुमच्यासाठी दिली, पोचली का कळवा. उशीर करू नका, कारण सहा महिन्यांनी त्यांना आठवत नाही आणि तुम्हाला सिद्ध करता येत नाही.

मसुदा वाचताना आणखी एक ओळ शोधा. काही छापील मसुद्यांत शेवटी ‘उभय पक्षांनी एजंटला एक महिन्याचे भाडे द्यावे व नूतनीकरणाच्या वेळीही द्यावे’ असं टाकलेलं असतं. अंगठा दिला की ती ओळ तुमची झाली. मी मसुदा मोठ्याने वाचून दाखवते, पण सगळे थांबत नाहीत. ‘नेहमीचंच आहे ताई, चला’ म्हणतात.

ती ओळ नसेल तर अकरा महिन्यांनी येणारा ‘रिन्युअलचं माझं द्या’ हा फोन नम्रपणे नाकारायला हरकत नाही. घर तेच, मालक तेच, तुमची त्यांची ओळख झालेली. नवीन करारासाठी मुद्रांक आणि नोंदणी पुन्हा लागते, एजंट लागत नाही. भाडं वाढवण्यावरून मालकांशी तुमचं अडलं आणि एजंटने मध्ये पडून सोडवलं, तर ते नवीन काम झालं. त्याचा आकडा त्याच फोनवर, मध्यस्थीला बसण्याआधी ठरवा.

एजंट ऐकतच नसेल तर तो काय करू शकतो हेही माहीत असावं. तो वकिलाची नोटीस पाठवू शकतो, तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा करू शकतो. नोटीस आली तर गप्प बसू नका, तुमचा तो मेसेज आणि दिलेल्या पैशांची नोंद जोडून लेखी उत्तर द्या. पाच-सात हजारांसाठी दाव्यापर्यंत गेलेलं एकही प्रकरण माझ्या टेबलावरून गेलेलं नाही. पण तो दारात येऊन शिव्या देत असेल, धमकी देत असेल, तर तो दलालीचा हिशेब राहत नाही. ११२ ला फोन करा किंवा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, आणि अर्जात पैशाच्या वादाआधी धमकीचे शब्द, तारीख, वेळ आणि कोण हजर होतं ते लिहा. नुसतं ‘दलाली जास्त मागतो’ असं लिहून गेलात तर ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतील. उलट बाजूने, एजंटने पैसे घेतले आणि घरच दिलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

ती मुलगी आता त्याच घरात दुसऱ्या करारावर राहते. दुसऱ्या वेळी एजंटने फोन केला होता. ती म्हणाली, “भाऊ, या वेळी घर मला माहीत आहे.” तो हसला आणि म्हणाला, “बरं, कोणाला घर लागलं तर सांगा.” दवाखान्यातल्या आणखी एका परिचारिकेला घर हवं होतं, तिने त्याचाच नंबर दिला आणि सोबत सांगितलं, पहिल्याच फोनवर आकडा विचार, आणि ‘नंतर बघू’ म्हणाला तर स्कूटरवर बसू नकोस.